हिरवी चौकट कोणाची

सर्व संबंधितांस, तसेच असंबंधित पण उत्सुक अशा नेरुळकरांस, अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या भाचीचं लग्न एका फोटोमुळे मोडायला आलं होतं. त्या फोटोत कोणी माणूस नव्हता. काही हिरव्या चौकटी होत्या, काही पांढऱ्या होत्या, आणि त्यांच्यावर नाव कोणाचंच नव्हतं. ते लग्न मी वाचवलं. मी म्हणजे मुलीचा सख्खा मामा, सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक धरणारा, आणि माइक काढून घेतल्याशिवाय न थांबणारा. पुढची हकीगत मी वाढवून सांगतोय असं माझ्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, म्हणणं आहे. तिच्या बाजूनं ती बरोबर आहे.

मुलगा उरणचा. जहाजावर इंजिनियर. उरणला त्यांचं जुनं मोठं घर, त्यात मुलाची आई, आणि वडील गेल्यापासून त्या घराचा कारभार बघणारे काका. काकांचे मुलगे, सुना, नातवंडं सगळी तिथेच. काका म्हणजे जुना, भारदस्त माणूस. बंदरावर नोकरी करून रिटायर झालेले, आवाज अजून बंदरावरचाच. घरातला प्रत्येक निर्णय काका घेतात आणि मुलाची आई मान डोलावते. तिचे मेसेजसुद्धा काकाच वाचून दाखवतात, कारण तिला बारीक अक्षर दिसत नाही, असं काकांनी ठरवलंय.

दोन्ही घरं एकमेकांना पसंत होती. मुलाची बोट परत आली की साखरपुडा करायचा, एवढंच बाकी होतं. तोपर्यंत मुलगा-मुलगी फोनवर एकमेकांशी काय ते लिहीत होती. मग बोट बंदरातून निघाली, खोल समुद्रात गेली, आणि मुलाचं नेट बंद झालं. भाची रोज मेसेज टाकायची आणि त्याच्या कोपऱ्यात एकच करडी टिक लागलेली बघत बसायची. एक टिक म्हणजे मेसेज आपल्याकडून निघाला, पण तिकडे पोचला नाही. दोन लागल्या की पोचला.

आणि नेमक्या याच शांततेत काकांनी पाठवलेला तो फोटो ताईच्या फोनवर येऊन पडला. खाली काकांनी एकच वाक्य लिहिलं होतं, की मुलीचे असे विचार असतील तर पुढचं बोलणं थांबवू.

तो फोटो म्हणजे व्हॉट्सअपवरच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट. वरची नाव असलेली पट्टी कापलेली. दोघांचंच बोलणं असलं की तिथे मेसेजवर नाव येत नाही, ते फक्त ग्रुपमध्ये येतं. वर उजवीकडे हिरव्या चौकटीत लिहिलं होतं, की लग्नानंतर उरणच्या घरात राहायला नको, इतक्या माणसांत मला नाही जमणार, वेगळं घर बघू. त्याखाली डावीकडे पांढऱ्या चौकटीत, का पण, केवढं मोठं घर आहे, माणसं आहेत तर बरंच की. आणि सगळ्यात खाली पुन्हा हिरव्यात, आपलं आपण राहू, शांतपणे.

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणूस दोन वाक्यं बोलला की बाई आहे की बाप्या ते कळतंच. एरवी कळतं. पण या दोघांनी नेमकी अशी वाक्यं लिहिली होती, की ती कोणीही कोणालाही म्हणावीत.

मी ताईकडे पोचलो तेव्हा भाची सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. रडून झालेलं, आता राग चालू होता. तिनं काकांना फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं, की काका, हिरवं त्याचं आहे, पांढरं माझं आहे. काका म्हणाले, तू तर असंच बोलनार. आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, मग तुझ्या फोनमधलं बोलणंच दाखव की त्यांना. एका मिनिटात प्रकरण मिटेल.

तिनं फोन छातीशी धरला. म्हणाली, "मामा, त्यात बाकीचं पण आहे."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी ताईकडे बघितलं, ताईनं खिडकीकडे बघितलं. विषय संपला. लग्न मोडलं तरी चालेल, पण ते 'बाकीचं' उरणच्या काकांनी आपल्या बंदरी आवाजात वाचून दाखवावं, हे तिला मान्य नव्हतं. मला ती बाणेदार वाटली. आमच्या घराण्यात हे गुण आईकडून येतात.

मुलाची एक बहीण आहे, लग्न होऊन कॅनडात असते. भाऊ तिला सगळं सांगतो, म्हणून तिला विचारता आलं असतं. पण काकांनी बजावलं होतं, की लग्न झालेल्या पोरीला माहेरच्या भानगडीत ओढायचं नाही. आणि भाचीनं स्वतःहून नणंदेला फोन करून 'मी निर्दोष आहे' म्हणावं, हे तिच्या बाणेदारपणात बसत नव्हतं.

तर रविवारी काका आणि मुलाची आई नेरुळला आले. शेवटचं बोलायला, असं त्यांनी कळवलं होतं. ताईनं कांदेपोहे केले नव्हते, कारण ते पहिल्या भेटीला झाले होते आणि शेवटच्या भेटीला काय करतात ते कोणाला माहीत नव्हतं. शेवटी चहा आणि बाकरवडी ठेवली. माझे दाजी एरवी फार बोलत नाहीत, त्या दिवशी अजिबात बोलले नाहीत. मुलाची आई डोक्यावरचा पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. काका मध्यभागी. मी त्यांच्या समोर, कारण मी नेहमी जिथून सगळ्यांना दिसेन तिथे बसतो.

काकांनी मांडणी सुरू केली, आणि मान्य करतो, मांडणी उत्तम होती. ते म्हणाले, फोटोत नाव नाही, ठीक. पण देवानं माणसाला डोकं दिलंय. हिरवा रंग कोणाचा? नवरीचा. चुडा हिरवा, शालू हिरवा, ओटीतला खण हिरवा. पांढरा कोणाचा? नवऱ्याचा. धोतर पांढरं, टोपी पांढरी. मग हिरव्या चौकटीत कोण बोलतंय?

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी स्वतःला आवरलं.

ताई धीर करून म्हणाली, की काका, पण बायकोची जागा डावीकडे असते ना, आणि हिरवं तर उजवीकडे आहे. बिचारीनं बुडत्याला काडी मिळावी तसा वामांगीचा आधार घेतला होता. त्या हिशेबानं डावीकडची पांढरी चौकट मुलीची, म्हणजे उत्तर बरोबरच आलं असतं. रीत साफ चुकीची, पण उत्तर बरोबर. मी गप्प राहिलो. आपल्या बाजूनं पडलेली चूक दुरुस्त करायला मी काही शाळामास्तर नाही.

पण काका तयार होते. ते हसले, आणि कच्च्या पोराला समजवावं तसे ताईला म्हणाले, "बाय, डावीकडं कवा येते नवरी? सप्तपदी झाल्यावर. तवर ती उजवीकडंच बसते. आनि आपलं लगीन कुठं झालंय अजून?"

खरंच आहे हो. लग्न लावताना सप्तपदीपर्यंत नवरी नवऱ्याच्या उजव्या हाताला असते. उजवी बाजूही नवरीची, हिरवा रंगही नवरीचा. दोन दोन शास्त्रं एकत्र आली होती. माझी भाची, जी त्या चौकटीत बोललीच नव्हती, ती विधिवत दोषी ठरली.

इथे मुलाची आई पहिल्यांदा बोलली. हळूच, कपात बघत. "पन घर कुठशी बघायचं म्हनत व्हते?"

काकांनी हात पसरले. म्हणाले, बघा, किती लागलंय माझ्या वहिनीला. त्या माउलीला बोलवत नाय. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिला काय विचारायचं होतं, ते कोणीही विचारलं नाही. मीही नाही.

मग मी उठलो. माझी उठण्याची एक पद्धत आहे, ती आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहे आणि तिला लोक घाबरतात. मी काकांना हात जोडले आणि म्हटलं, काका, तुमचं शास्त्र ऐकलं, आता फोनचं शास्त्र बघू. मला एक मेसेज पाठवा. काहीही लिहा.

काकांनी संशयानं माझ्याकडे बघितलं, पण फोन काढला. एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं, 'बोला'. पाठवलं. माझ्या खिशात फोन वाजला.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि दोन्ही फोन टीपॉयवर एकाशेजारी एक ठेवले. म्हटलं, हा तुमचा फोन. 'बोला' कुठे आहे?

उजवीकडे, हिरव्यात. खाली कोपऱ्यात दोन टिका.

आता हा माझा फोन. तेच 'बोला' कुठे आहे?

डावीकडे, पांढऱ्यात. टिक नाही.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन्ही फोन उचलून अदलाबदल करून बघितले, जणू मी पत्त्यांची जादू केली होती. मुलाची आई पुढे झुकून बघायला लागली.

मी म्हटलं, आता मी उत्तर देतो. मी लिहिलं, 'चहा घ्या'. माझ्या फोनवर माझा 'चहा घ्या' उजवीकडे, हिरवा. त्यांच्या फोनवर डावीकडे, पांढरा. म्हणजे काका, हिरवा रंग नवरीचा नाही, आणि उजवी बाजू नवरीची नाही. ज्याचा फोन, त्याचं स्वतःचं लिहिलेलं त्याच्या फोनवर उजवीकडे येतं. समोरच्याचं डावीकडे. तुमच्या फोनवर तुम्ही उजवे, माझ्या फोनवर मी उजवा. इथे प्रत्येक जण आपल्या घरचा यजमान आहे.

काका म्हणाले, आनि या टिका?

मी म्हटलं, टिका फक्त आपण पाठवलेल्यावर असतात. आपलं लिहिलेलं तिकडे पोचलं का, वाचलं का, हे आपल्याला कळावं म्हणून. दुसऱ्याचं आपल्याकडे आलेलं तर आपण वाचतोच आहोत, तिथे टिक कशाला? मग मी तो भांडणाचा फोटो उघडला आणि बोट ठेवलं. टिका हिरव्यांवर होत्या. पांढऱ्यावर नव्हती.

खरं सांगतो, तेव्हा माझा आवाज थोडा चढला होता. पंख्याच्या हवेत माझा एक हात वर होता. ताईनं नंतर त्याची नक्कल करून दाखवली, ती मला आवडली नाही.

पण काका बंदरावरचे, सहज माघार घेणारे नव्हेत. म्हणाले, ठीक हाय. हिरव्यात आनि उजवीकडं फोनवाला बोलतो. पन हा फोटो तर माझ्या फोनवर आलाय. मग मी बोललो का ते?

हा प्रश्न फार हुशारीचा होता आणि मी त्यांना तसं म्हटलंही. म्हणून मी आणखी एक प्रयोग केला. आमच्या 'बोला' आणि 'चहा घ्या'चा मी माझ्या फोनवर स्क्रीनशॉट काढला आणि काकांना पाठवला. त्यांच्या फोनवर तो आला, डावीकडे, कारण आता तो फोटो मी पाठवलेला. पण फोटोच्या आत? आत माझा 'चहा घ्या' उजवीकडे हिरवाच होता, आणि त्यांचा 'बोला' डावीकडे पांढरा. काकांच्या स्वतःच्या फोनवर, काकांचाच 'बोला' डावीकडे.

मी म्हटलं, फोटो गावभर हिंडला तरी आतली माणसं जागा बदलत नाहीत. तो ज्या फोनवर पहिल्यांदा काढला, त्या फोनचा मालक उजवीकडे. बास. म्हणजे आता एकच शोधायचं, की हा फोटो काढला कोणी.

काकांनी लगेच भाचीकडे बोट केलं.

आणि माझी भाची, जी इतका वेळ कोपऱ्यात होती, ती उठली. तिनं फोन पुढे केला, पण 'बाकीचं' असलेलं बोलणं नव्हे. माझ्याशी चाललेलं बोलणं. काकांनी वाकून बघितलं. उजवीकडे तिचे मेसेज होते आणि ते जांभळे होते. गर्द, वांग्यासारखे जांभळे. डावीकडे मी, पांढरा. आणि एका जांभळ्या चौकटीत लिहिलं होतं, 'मामा नौटंकी बंद कर'. काकांनी ते मोठ्यानं वाचलं.

मी म्हटलं, आता नवरीचा चुडा जांभळा म्हणायचा का?

काका म्हणाले, हा रंग कधी पन बदलता येत असंल.

येतो, मी म्हटलं. रंग म्हणजे फितूर साक्षीदार. कोणाचा जांभळा, कोणाचा निळा, बदलला तर उद्या भगवासुद्धा. म्हणून रंगावर लग्न मोडू नका. बाजू बघा. बाजू कोणालाच बदलता येत नाही.

मग मी मुलाच्या आईकडे वळलो आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, की वहिनी, तुमचे मेसेज काका वाचून दाखवतात, म्हणजे हा फोटो घरी पहिल्यांदा तुमच्या फोनवर आला ना? मला तो तिथे बघायचाय.

तिनं काकांकडे बघितलं. काकांनी खांदे उडवले. तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. मी तिच्या मुलीचं, कॅनडावालीचं, बोलणं उघडलं. तिथे तो फोटो होता, बोट निघायच्या आदल्या दिवशी आलेला, डावीकडे, कारण मुलीनं पाठवलेला. पण तिथे त्या फोटोखाली ओळी होत्या. काकांनी ताईला पाठवताना फक्त फोटो पाठवला होता, त्या ओळी मागेच राहिल्या होत्या. मी त्या वाचल्या, आणि मग पूर्ण अर्धा क्षण थांबलो, कारण असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत.

"'दादाने आत्ता पाठवलं. बघ, सून कशी मिळाली आहे.'"

काका म्हणाले, हां, तेच तर. पोरगी टोमणा मारते की सून कशी मिळाली.

मी म्हटलं, काका, त्याच्या आधीचं वाक्य?

काकांनी फोन घेतला. त्यांनी वहिनीला दुसरं वाक्य वाचून दाखवलं होतं, चढ्या आवाजात, आणि पहिलं तसंच सोडलं होतं, कारण त्यात त्यांना काही बातमी दिसली नव्हती. आता ते पहिलं वाक्य त्यांनी मनात वाचलं. ओठ हलत होते. दादाने आत्ता पाठवलं.

दादा म्हणजे त्यांचा पुतण्या. फोटो त्याच्या फोनवर काढलेला. म्हणजे उजवीकडचा हिरवा तो. वेगळं घर बघू म्हणणारा तो. आणि डावीकडे, पांढऱ्या चौकटीत, केवढं मोठं घर आहे, माणसं आहेत तर बरंच की, असं म्हणणारी ती. आणि ते वाचून खुश झालेली नणंद आईला सांगत होती, बघ, सून कशी मिळाली आहे. ते कौतुक होतं.

काकांनी शेवटचा दगड मारून बघितला. म्हणाले, आनि पोरीनंच हा फोटो काढून त्याला धाडला असंल तर?

भाची म्हणाली, "काका, आमचं बोलणं त्याच्या फोनमध्ये असतंच की. त्याचाच फोटो काढून त्यालाच कशाला पाठवू?"

दाजींनी बाकरवडी उचलली, म्हणजे धोका टळला. ताईनं पदरानं डोळे टिपले. काकांनी दोन्ही फोन खाली ठेवले आणि, माणूस मोठा म्हणून म्हणतो, उठून भाचीसमोर उभे राहिले. म्हणाले, चुकलो बाय. तू घर धरून ठेवत व्हतीस आनि मी तुलाच घराबाहेर काढत व्हतो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की मामा वकील व्हायला पाहिजे व्हता. हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच लोकांना सांगितलंय, आणि तुम्हालाही सांगितलं.

साखरपुडा ठरलेलाच राहिला. ताई पुन्हा चहा टाकायला उठली. काका आता पुतण्यावर घसरले होते. बोट येऊ दे, म्हणाले, कान धरून आणतो. वेगळं घर पाहिजे म्हणे. इतक्या माणसांत जमत नाय म्हणे. जन्मला कुठं, वाढला कुठं. आपल्या आईचा तरी विचार केला का त्यानं? वहिनी, तू काळजी करू नको. मी हाय तवर तुला त्या घरातून कोन हलवतो बघू.

तेव्हा मुलाच्या आईनं कप टीपॉयवर ठेवला. ठक्क असा आवाज झाला. एवढ्या सगळ्या प्रकरणात तिनं एकच प्रश्न विचारला होता, आणि आम्ही सगळ्यांनी तो दुःख समजून सोडून दिला होता. आता ती काकांकडे नाही, माझ्या भाचीकडे बघत होती.

"त्या वेगल्या घरात मना पन न्या गो. मी कदीची तयार हाय."